रेंडर फार्मवर टाकताय? मग या चुका टाळा, नाहीतर डेडलाइनही जाईल आणि पैसेही

शुक्रवारी संध्याकाळी क्लायंट म्हणतो सोमवारी सकाळी फायनल पाहिजे, आणि तुमच्या मशीनवर हिशोब केला तर रेंडर पुढच्या शनिवारी संपतंय. अशा वेळी फार्म किंवा क्लाउड हाच एक मार्ग उरतो आणि नेमक्या याच घाईत लोक सगळ्यात जास्त पैसे जाळतात. मी इथे ब्लेंडर आणि सायकल्स धरून लिहितोय कारण आपल्याकडे आर्किटेक्चर वॉकथ्रू करणारे बरेच जण आता त्यावरच आहेत, पण मॅक्स-व्हीरे वाल्यांनाही हिशोब तोच लागू पडतो, फक्त बटणांची नावं वेगळी.

उदाहरण एकच घेऊ आणि शेवटपर्यंत तेच चालवू. एका बिल्डिंग प्रोजेक्टचा एक मिनिटाचा वॉकथ्रू, 25 एफपीएस, म्हणजे 1500 फ्रेम्स. आधी बाहेरची बाग आणि झाडं, मग काचेची लॉबी, मग फ्लॅटच्या आतलं. मशीनमध्ये आरटीएक्स 3060 कार्ड.

पहिल्या फ्रेमवरून एस्टिमेट काढणं

ही सगळ्यात कॉमन चूक आणि सगळ्यात महागही. माणूस फाइल उघडतो, F12 दाबतो, दोन मिनिटांत फ्रेम येते, दोन गुणिले पंधराशे करून आकडा काढतो आणि क्लायंटला कोट पाठवून मोकळा होतो. पण पहिल्या फ्रेमला कॅमेरा कुठे असतो? बहुतेक वेळा वर आकाशाकडे, किंवा गेटच्या पाटीवर, जिथे रेंडरला काही कामच नसतं. थोड्याच फ्रेम्सनंतर कॅमेरा बागेत शिरतो आणि झाडांची पानं, त्यातली ट्रान्सपरन्सी, त्यावरून येणारा उजेड, हे सगळं सुरू झालं की एकेक फ्रेम अकरा मिनिटांवर जाते.

म्हणून टेस्ट पूर्ण टाइमलाइनवर पसरून घ्यायची. दर पन्नासावी फ्रेम रेंडर केली तर 30 फ्रेम्स होतात, रात्री लावून झोपलात तर सकाळी तयार, आणि यासाठी फाइलमध्ये काही बदलायचीही गरज नाही, कमांड लाइनवरून होतं:

```
blender -b walk.blend -o //test/f_#### -F PNG -x 1 -s 1 -e 1500 -j 50 -a
```

इथे `-j 50` म्हणजे पन्नासच्या उड्या. आणि `-a` शेवटीच ठेवा बरं का, ब्लेंडर ऑप्शन्स ज्या क्रमाने लिहिलेत त्याच क्रमाने वाचतो, `-a` आधी लिहिलंत तर तो पुढचं काही न बघता फाइलमध्ये सेव्ह असलेल्या सेटिंगने रेंडर सुरू करतो आणि मग लोक म्हणतात कमांड चालत नाही. प्रत्येक फ्रेम झाली की कन्सोलवर `Time:` ची ओळ येते, तो वेळ एक्सेलमध्ये टाकत जा.

आता सगळ्या तीस आकड्यांची सरळ सरासरी काढली तरी चालते, पण शॉटप्रमाणे वेगळं केलं तर जास्त कळतं. आपल्या उदाहरणात समजा असं आलं: बाग 400 फ्रेम्स, सरासरी 11 मिनिटं, म्हणजे 4400 मिनिटं. लॉबी 300 फ्रेम्स, 9 मिनिटं, म्हणजे 2700. फ्लॅटच्या आतल्या 800 फ्रेम्स, सव्वाचार मिनिटं, म्हणजे 3400. एकूण 10,500 मिनिटं, 175 तास, सात दिवसांहून जास्त. सरासरी फ्रेम 7 मिनिटं पडली, दोन नाही. म्हणजे पहिल्या फ्रेमवरून कोट दिलेल्या माणसाचं बिल साडेतीन पट येणार.

आणि शॉटप्रमाणे वेगळं करण्याचा खरा फायदा हा की खर्च कुठे कमी करायचा ते दिसतं. एकट्या बागेने 42 टक्के वेळ खाल्लाय. तिथे लांबच्या झाडांना हलकं मॉडेल लावलं किंवा नॉइज थ्रेशोल्ड थोडा वाढवला तर बिल खरंच खाली येतं, फ्लॅटच्या आत सोफ्याच्या टेक्श्चरवर मेहनत करून काही होत नाही. थ्रेशोल्डचं एक लक्षात ठेवा, सायकल्समध्ये डिफॉल्ट 0.01 असतो, आणि नॉइज निम्मा करायला सॅम्पल्स साधारण चौपट लागतात. हेच उलटं वापरायचं, 0.01 चा 0.02 केला की बऱ्याच सीनमध्ये वेळ चांगलाच पडतो आणि उरलेलं डिनॉइजर सांभाळतो. फक्त पानांवर डिनॉइजर जपून, एक फ्रेम बघितली तर सुंदर दिसते पण प्ले केलं की पानं उकळल्यासारखी वळवळतात, म्हणून बागेतल्या सलग 20-25 फ्रेम्स काढून प्ले करून बघा आणि मगच सेटिंग पक्कं करा.

मिनिटांचे पैसे करताना काय सुटतं

जीपीयू फार्मवर रेट बहुतेक ऑक्टेनबेंच-तासात असतो आणि सीपीयू फार्मवर गिगाहर्ट्झ-तासात. हे बघूनच लोक घाबरतात आणि सरळ वेबसाइटवरच्या कॅलक्युलेटरमध्ये आकडा टाकून येईल ते मान्य करतात. पण हिशोब सोपा आहे. तुमच्या कार्डचा ऑक्टेनबेंच स्कोअर, गुणिले फ्रेमला लागलेला वेळ तासांत, गुणिले रेट.

समजा कार्डचा स्कोअर 280 धरला आणि फार्मचा रेट 0.004 डॉलर (हा रेट फक्त उदाहरणाला घेतलाय, प्रत्येक फार्मचा आणि प्रत्येक प्रायॉरिटीचा वेगळा असतो):

```
280 × (7/60) × 0.004 = 0.1307 डॉलर प्रति फ्रेम
0.1307 × 1500        = 196 डॉलर
```

डॉलर 90 रुपये धरला तर फ्रेमला पावणेबारा रुपये, सगळं मिळून साधारण 17,600. इथपर्यंत बरेच जण येतात. पण हाच आकडा क्लायंटला दिला तर फरक खिशातून जातो, कारण यात फार्मचा ओव्हरहेड नाही.

ओव्हरहेड म्हणजे काय, तर प्रत्येक फ्रेमच्या आधी सीन मेमरीत लोड होतो, बीव्हीएच बनतो, टेक्श्चर्स कार्डावर जातात. आणि तुमच्या फाइलमध्ये `Persistent Data` चालू असेल तर तुमच्या मशीनवर हे पहिल्या फ्रेमलाच होतं, पुढच्या फ्रेम्सना बराचसा डेटा तयारच मिळतो, म्हणून तुमची टेस्ट फसवी निघते. फार्मवर 1500 फ्रेम्स वेगवेगळ्या नोड्सवर जातात आणि एका टास्कला एकच फ्रेम दिली असेल तर प्रत्येक फ्रेमला लोडिंग नव्याने. जड सीनला हे दीड मिनिट धरलं तर 7 चं साडेआठ झालं, म्हणजे वीस टक्क्यांहून जास्त पैसे नुसते फाइल उघडण्याचे गेले. बहुतेक फार्म हा वेळ बिलात धरतात, काही फार्म सुरुवातीचं लोडिंग धरत नाहीत, ते आधीच विचारून घ्या.

उपाय दोन. एक, टेस्ट करताना `Persistent Data` बंद ठेवा म्हणजे खरा आकडा कळेल. दोन, फार्मवर टास्कला 4-5 फ्रेम्सचा चंक द्या आणि तिथे मात्र `Persistent Data` चालू ठेवा. फार मोठा चंक पण नको, 50 फ्रेम्सचा चंक दिला आणि नोड मध्येच पडला तर तेवढं सगळं काम परत, आणि शेवटी एकच नोड बागेच्या पन्नास फ्रेम्स घेऊन बसतो, बाकीचे रिकामे, तुम्ही घड्याळाकडे बघत.

मग खरा कोट कसा? 17,640 वर लोडिंगचे 20 टक्के, झाले 21,168. क्लायंट एखाद्या शॉटमध्ये सोफ्याचा रंग बदलायला लावणार हे धरूनच चाला, रिरेंडरचे 15 टक्के, झाले 24,343. बाहेरच्या फार्मला क्रेडिट कार्डने पैसे भरताना बँकेचा फॉरेक्स मार्कअप असतो, 3.5 टक्के धरला तर 25,200 च्या आसपास. म्हणजे फ्रेमला पावणेबारा नाही, जवळपास 17 रुपये. बिलावर जीएसटी वेगळा लागत असेल तर तो आणखी वर. हे 17 रुपये क्लायंटला सांगायचे, पावणेबारा स्वतःच्या वहीत ठेवायचे.

अजून एक गैरसमज, जास्त नोड्स म्हणजे जास्त पैसे. नाही हो. वीस नोड एक तास किंवा एक नोड वीस तास, बिल साधारण तेच, कारण कामाचे पैसे आहेत. पैसे वाढतात ते हाय प्रायॉरिटी घेतली की.

सबमिट करून झोपून जाणं

सगळा जॉब एकदम टाकायचा नाही. आधी तीन-चार फ्रेम्स टाका, त्याही तुमच्या टेस्टमधल्याच, म्हणजे तुमच्याकडच्या आणि फार्मवरून आलेल्या फ्रेम्स एकमेकांवर ठेवून बघता येतात. प्रत्येक शॉटमधली एक घ्या. या चार फ्रेम्सचं फार्मवरचं बिल बघितलं की तुमचं एस्टिमेट किती बरोबर आहे तेही कळतं, कॅलक्युलेटरपेक्षा हे शंभर पटीने खरं.

काय बघायचं त्यात? सगळ्यात आधी गुलाबी रंग. काही पृष्ठभाग भडक गुलाबी-जांभळे दिसले तर टेक्श्चर सापडलं नाही. फाइल तुमच्याकडे `D:\library\wood` मधून उचलते आणि फार्मवरच्या मशीनला तुमचं डी ड्राइव्ह कुठून माहीत असणार. त्यामुळे पाठवायच्या आधी `File > External Data` मध्ये जाऊन `Report Missing Files` करा, मग `Pack Resources`. पण पॅक केलं म्हणजे झालं असं समजू नका, इथे खूप जण फसतात. लिंक केलेल्या दुसऱ्या ब्लेंड फाइल्स यात येत नाहीत, त्यांना वेगळा `Pack Linked Libraries` आहे. आणि लॉबीतल्या टीव्हीवर चालणारा व्हिडिओ, इमेज सिक्वेन्स, अलेम्बिक, व्हीडीबी, यातलं काही पॅक होत नाही. ते सगळं फाइलच्याच फोल्डरमध्ये आणून, `Make Paths Relative` करून, पूर्ण फोल्डर झिप करून पाठवावं लागतं.

गुलाबी निदान डोळ्याला दिसतं. सिम्युलेशनचा घोळ एकेका फ्रेममध्ये दिसत नाही आणि म्हणून तो जास्त वाईट. आपल्या वॉकथ्रूमध्ये बाल्कनीत एक पडदा हलतोय, क्लॉथ लावलंय. तुमच्या मशीनवर पहिल्या फ्रेमपासून प्ले होत जातं म्हणून पडदा नीट हलतो. फार्मवर एका नोडला 1201 ते 1205 मिळाल्या, दुसऱ्याला 1206 ते 1210, आणि बेक केलेलं नसेल तर कोणालाच आधीच्या हजार फ्रेम्सचा इतिहास माहीत नाही. प्रत्येक फ्रेम वेगळी बघा, पडदा छान. जोडून प्ले करा, दर पाच फ्रेम्सना पडदा टुणकन उडी मारतो. असा ठरावीक अंतराने येणारा झटका दिसला आणि ते अंतर चंकच्या साइजएवढं असलं तर डोळे मिटून समजा की बेक राहिलंय.

बरं बेक केलं, तरी एक खाच आहे. `Disk Cache` टिक केलेलं असेल तर बेक ब्लेंड फाइलच्या आत राहत नाही, शेजारी `blendcache_` ने सुरू होणारं फोल्डर बनतं आणि त्यापुढे फाइलचं नाव असतं. तुम्ही पाठवताना `walk.blend` चं `walk_final_v3.blend` केलं की फाइल स्वतःच्या नव्या नावाचं फोल्डर शोधते, ते नसतं, बेक गायब. छोट्या क्लॉथसाठी `Disk Cache` बंद ठेवून बेक केलं की ते फाइलमध्येच सेव्ह होतं, झंझट नाही. पाण्याच्या फ्लूइड सिम्युलेशनला मात्र फोल्डर पाठवावंच लागतं.

तिसरं म्हणजे व्हर्जन. रंग थोडे वेगळे वाटले, कॉन्ट्रास्ट बदललाय असं वाटलं, तर आधी फार्मवर कोणतं ब्लेंडर निवडलंय ते बघा. 4.0 पासून रंगांसाठी डिफॉल्ट एजीएक्स आहे, जुन्या 3.6 वर ते नसतं, त्यामुळे चुकून जुनं व्हर्जन निवडलं गेलं तर फ्रेम येते पण वेगळ्याच रंगात. एरर वगैरे काही येत नाही, नुसते पैसे जातात.

आणि आउटपुट फॉरमॅट. फाइलमध्ये MP4 राहिलेलं असेल तर बदला. फ्रेम्स दहा मशीनवर वाटल्या जातात, मग व्हिडिओ कोण बनवणार. पीएनजी किंवा ईएक्सआर, बस.

फक्त रेंडरचा वेळ मोजणं

10,500 मिनिटांचं काम, फार्मचा नोड तुमच्या कार्डाच्या अडीच पट वेगवान आणि वीस नोड मिळाले तर साडेतीन तास. हे ऐकून लोक रविवारी रात्री निवांत बसतात. पण वीस नोड मिळणार हे कोणी सांगितलं? लो प्रायॉरिटीवर वीकेंडला रांग असते, सहाच मिळाले तर तेच काम पावणेबारा तासांवर जातं.

आणि नेट. बारा जीबीचा प्रोजेक्ट 20 एमबीपीएस अपलोडवर गेला तर एक तास वीस मिनिटं. प्लॅनमध्ये लिहिलेला स्पीड नका बघू, बऱ्याच केबलवाल्यांच्या प्लॅनमध्ये अपलोड डाउनलोडपेक्षा खूप कमी असतो, स्पीड टेस्ट करून घ्या. परत येताना जास्त त्रास. सगळे पासेस घेऊन मल्टिलेअर ईएक्सआर काढलं आणि एक फ्रेम 40 एमबीची झाली तर 1500 फ्रेम्सचे 60 जीबी, 50 एमबीपीएसवर दोन तास चाळीस मिनिटं. कंपोझिटिंगला खरंच लागतात तेवढेच पासेस ठेवा, हाफ फ्लोट ठेवा, आणि रेंडर संपायची वाट न बघता फ्रेम्स जशा तयार होतील तशा उतरवत राहा, बहुतेक फार्मच्या छोट्या अॅपमध्ये ती सोय असते.

पैसेच नसतील तर शीपइट आहे, लोक एकमेकांची मशीन वापरतात आणि पॉइंट मिळतात, शिकणाऱ्यांसाठी उत्तम. पण सोमवारच्या डेडलाइनला त्यावर विसंबू नका, आणि क्लायंटशी गुप्ततेचा करार असेल तर फाइल अनोळखी माणसांच्या मशीनवर जाते हे लक्षात घ्या.

फार्मऐवजी स्वतः क्लाउड मशीन भाड्याने घेताना

एडब्ल्यूएस वगैरेवर तासाचा रेट बघितला की फार्मपेक्षा स्वस्त वाटतं. पण तिथे मशीन चालू केल्यापासून मीटर सुरू, तुम्ही ब्लेंडर इन्स्टॉल करा, फाइल अपलोड करा, चहा प्या, सगळं बिलात. म्हणून आधी स्टोरेजवर फाइल चढवा आणि नंतर जीपीयूवालं मशीन चालू करा. नवीन अकाउंटला जीपीयू मशीनचा कोटा बऱ्याचदा शून्य असतो, वाढवून घ्यायला रिक्वेस्ट टाकावी लागते आणि उत्तर यायला वेळ लागू शकतो, शुक्रवारी रात्री हे कळून उपयोग नाही. स्पॉट मशीन स्वस्त पडतं पण एडब्ल्यूएस ते दोन मिनिटांची नोटीस देऊन काढून घेऊ शकतं, त्यामुळे अकरा मिनिटांची बागेची फ्रेम अर्धवट जाणार हे धरून चला. आणि मशीन बंद केलं तरी डिस्कचे पैसे चालूच राहतात, काम झालं की डिस्कही डिलीट करा, फ्रेम्स उतरवून घेतल्यावर अर्थातच. उतरवण्याचेही प्रति जीबी पैसे लागू शकतात, म्हणून 60 जीबीचा हिशोब आधीच बघून ठेवा.

दोन-तीन मशीन घेऊन एकाच शेअर्ड फोल्डरमध्ये रेंडर करायचं असेल तर `Overwrite` बंद आणि `Placeholders` चालू करा, मग मशीन आपापसात फ्रेम्स वाटून घेतात, वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. मात्र एखादं मशीन मध्येच मेलं तर त्याच्या फ्रेमच्या जागी शून्य बाइटची फाइल पडून राहते आणि बाकीची मशीन समजतात की ती झालीये.

1500 फाइल्स दिसल्या म्हणजे झालं असं समजणं

फार्म म्हणतो 100 टक्के कम्प्लीट, फोल्डरमध्ये 1500 फाइल्स, तरी एडिटमध्ये मध्येच काळी फ्रेम येते. आधी रिकाम्या फाइल्स शोधा, विंडोजवर फोल्डर साइजप्रमाणे लावून आणि लिनक्स-मॅकवर या कमांडने:

```
find . -name "*.exr" -size 0
```

मग फोल्डर साइजप्रमाणे लावा. एकाच शॉटमधल्या शेजारच्या फ्रेम्सची साइज जवळपास सारखी असते, त्यामुळे 38-40 एमबीच्या रांगेत एखादी 9 एमबीची दिसली तर ती उघडून बघा, अर्धवट लिहिलेली किंवा काळी असणार. आणि तेवढ्याच परत काढा, अख्खा शॉट परत टाकू नका:

```
blender -b walk.blend -o //fix/f_#### -F OPEN_EXR_MULTILAYER -x 1 -f 412,877..880
```

पाच फ्रेम्स असतील तर फार्मच्या रांगेत परत उभं राहण्यापेक्षा स्वतःच्या मशीनवर लावा, बागेतल्या असल्या तरी तासाभरात होतात. फक्त ब्लेंडरचं व्हर्जन आणि डिनॉइजरचं सेटिंग फार्मवरचंच ठेवा, नाहीतर त्या पाच फ्रेम्स मध्येच वेगळ्या उठून दिसतील. आणि चूक फार्मच्या मशीनची असेल, म्हणजे नोड क्रॅश झाला किंवा काळ्या फ्रेम्स आल्या, तर लॉग जोडून सपोर्टला लिहा आणि त्या फ्रेम्सचं क्रेडिट परत मागा. टेक्श्चर तुमचंच राहिलं असेल तर मात्र मागून काही मिळणार नाही.